पत्रक छापायला देताना कडेचे मिलिमीटर सांभाळा

ताईंनो, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर असो, पापड-मसाल्याचा स्टॉल असो की जिल्ह्याचं प्रदर्शन असो, पत्रक आता बरेच गट स्वतःच बनवतात. गटातली एखादी मुलगी संगणकावर छान डिझाइन करते, फाइल तालुक्याच्या प्रेसवाल्याला जाते आणि दोन दिवसांनी हजार पत्रकांचा गठ्ठा घरी येतो. गठ्ठा उघडला की कधी कधी पोटात गोळा येतो. एका बाजूला बारीक पांढरी रेघ दिसते, चौकट एकीकडे सरकलेली असते, नाही तर खाली लिहिलेल्या फोन नंबरचा तळ कापला गेलेला असतो. फोन नंबरच नीट वाचता येत नसेल तर त्या हजार पत्रकांवरून एकही ऑर्डर यायची नाही. प्रेसवाला म्हणतो, "फाइलच तशी होती." बऱ्याचदा त्याचं म्हणणं खरं असतं.

हे टाळायचं असेल तर फाइलमधल्या तीन गोष्टी कळायला हव्यात. प्रेसमध्ये त्यांना ट्रिम, ब्लीड आणि सेफ मार्जिन म्हणतात.

प्रेसमध्ये काय होतं

आपलं पत्रक आपल्या मापाच्या कागदावर छापलं जात नाही. मोठ्या कागदावर चार, आठ किंवा जास्त पत्रकं शेजारी शेजारी छापतात. मग त्या कागदांची थप्पी कटिंग मशीनखाली ठेवून दाबतात आणि मोठं पातं खाली येऊन एका दमात शेकडो कागद कापतं.

इथे दोन ठिकाणी थोडी हालचाल होते. छापताना प्रत्येक कागद मशीनमध्ये अगदी त्याच जागी बसत नाही, किंचित इकडेतिकडे होतो. कापताना थप्पीतले वरचे आणि खालचे कागदही तंतोतंत एका रेषेत राहत नाहीत. त्यामुळे चांगल्या प्रेसमध्येही काप एखादा मिलिमीटर सरकतो. ही चूक नव्हे, कामाची रीतच आहे. म्हणून तेवढी हालचाल सोसेल अशी फाइल आपणच बनवायची.

करंजी डोळ्यासमोर आणा. पारी लाटताना आपण ती हव्या त्या आकारापेक्षा थोडी मोठी लाटतो. सारण मधोमध भरतो, कडेपर्यंत नेत नाही. मग कातण फिरवतो आणि बाहेरची जास्तीची पारी काढून टाकतो. कातण जरा आत-बाहेर फिरलं तरी करंजी फुटत नाही आणि कडही पूर्ण राहते.

कातणाची रेघ म्हणजे ट्रिम. पत्रक नेमकं जिथे कापायचं ती ही रेघ. रेघेबाहेरची जास्तीची पारी म्हणजे ब्लीड. पार्श्वभूमीचा रंग आणि कडेला टेकणारे फोटो ट्रिमच्या बाहेर जेवढे वाढवतो ती ही पट्टी. ती कापून फेकायचीच असते. आणि सारणाची जागा म्हणजे सेफ मार्जिनच्या आतला भाग. नाव, भाव, फोन नंबर, पत्ता, लोगो असं जे कापलं जाऊन चालणार नाही, ते सगळं तिथेच राहायला हवं.

आधी माप विचारा

फाइल सुरू करण्याआधी प्रेसवाल्याला एक प्रश्न विचारा: "कापल्यावर पत्रकाचं फायनल माप किती येणार?"

हे विचारायचं कारण साधं आहे. आपण बहुतेक वेळा ए५ माप धरतो, म्हणजे १४८ मिमी रुंद आणि २१० मिमी उंच. पण बऱ्याच ठिकाणी हँडबिल डेमी कागदावर काढतात. डेमीचा मोठा कागद १८ × २३ इंचांचा असतो. त्यात आठ हँडबिलं बसतात आणि कडा कापून प्रत्येकी साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचं पत्रक निघतं. ते होतं सुमारे १४० × २१६ मिमी. म्हणजे ए५ पेक्षा रुंदीला ८ मिमी कमी आणि उंचीला ६ मिमी जास्त. तुम्ही ए५ ची फाइल दिली आणि त्याने डेमीवर कापलं, तर डावी-उजवीकडून चार-चार मिमी जाईल आणि वर-खाली कागद कमी पडेल. मग ब्लीड कितीही नीट ठेवलं तरी उपयोग नाही.

ब्लीड किती हवं तेही त्याच वेळी विचारून घ्या. सर्रास ३ मिमी चालतं. कुणी जास्त मागितलं तर तेवढं द्या.

एक पत्रक पूर्ण करून बघू

समजा गटाचं दोन बाजूंचं ए५ पत्रक आहे. पुढच्या बाजूला सगळीकडे पिवळा रंग, वर डाव्या कोपऱ्यात कडेला टेकलेला पापडांचा फोटो, मध्ये गटाचं नाव आणि चार पदार्थ, खाली हिरवी पट्टी आणि तिच्यात फोन नंबर. मागच्या बाजूला पांढऱ्यावर दरपत्रक आणि भोवती चौकट. प्रेसवाल्याने सांगितलं की फायनल माप १४८ × २१०, ब्लीड ३ मिमी.

आता तीन मापं काढा.

ट्रिम: १४८ × २१० मिमी. ग्राहकाच्या हातात पडणारं पत्रक एवढं.

ब्लीडसह: चारही बाजूंना ३ मिमी वाढवले की रुंदी ३ + १४८ + ३ = १५४ आणि उंची ३ + २१० + ३ = २१६ मिमी.

सुरक्षित जागा: ट्रिमपासून चारही बाजूंनी ५ मिमी आत. रुंदी १३८, उंची २०० मिमी. काही जण ३ मिमीवरही भागवतात, पण आपल्या पत्रकाला ५ मिमी ठेवा. काप एक-दोन मिमी सरकला तरी अक्षर कडेला चिकटल्यासारखं दिसत नाही.

आता एकेक वस्तू जागेवर ठेवू.

पिवळी पार्श्वभूमी पूर्ण १५४ × २१६ पर्यंत पसरवायची. ती १४८ वर थांबली आणि काप अर्धा मिमी बाहेर पडला, तरी कडेला पांढरी रेघ दिसते.

फोटो कोपऱ्याला टेकलेला आहे, म्हणून तो वर ३ मिमी आणि डावीकडे ३ मिमी बाहेर न्यायचा. म्हणजे फोटोचा तेवढा भाग कापला जाणार. पापडाची थाळी फोटोच्या अगदी काठाला असेल तर थाळी कापली जाईल. म्हणून फोटो काढतानाच थाळीभोवती थोडी मोकळी जागा सोडा. ती नसेल तर फोटो कडेला टेकवूच नका, सुरक्षित जागेत आत घ्या.

हिरव्या पट्टीत बहुतेकांची गफलत होते. पट्टी २० मिमी उंच दिसायला हवी असेल तर फाइलमध्ये ती २३ मिमी असते, कारण खालचे ३ मिमी ब्लीडचे. पण नंबर २३ च्या मध्यावर नाही, दिसणाऱ्या २० च्या मध्यावर ठेवायचा. अक्षरं ८ मिमी उंच असतील तर वर ६ आणि खाली ६ मिमी उरतात. नंबर ट्रिमपासून ६ मिमी आत राहतो, म्हणजे सुरक्षित. तोच नंबर २३ च्या मध्यावर ठेवला तर खाली साडेसात मिमी दिसतात, त्यातले ३ मिमी कापले जाणार आणि उरले साडेचार. नंबर सुरक्षित जागेबाहेर गेला आणि पट्टीत खाली घसरलेलाही दिसणार.

मागच्या बाजूला पांढरा कागद आहे, तिथे कडेला काही टेकत नाही. तिथे ब्लीडसाठी वेगळं काही करायचं नाही. पण पानाचं माप पुढच्या बाजूएवढंच, १५४ × २१६ ठेवा. दोन पानांची मापं वेगळी असली की पाठपोट छपाई बसवताना गोंधळ होतो.

चौकटीचं मात्र जपून करा. चौकट कडेपासून २ मिमी आत काढली आणि काप १ मिमी सरकला, तर एका बाजूला १ मिमी आणि दुसऱ्या बाजूला ३ मिमी जागा उरते. तिप्पट फरक, लगेच डोळ्यात येतो. तीच चौकट ८ मिमी आत घेतली तर तेवढ्याच सरकण्याने ७ आणि ९ होतात. कुणाच्या लक्षातही येत नाही. चौकट मोडत नसली तरी वाकडी दिसते, म्हणून तिला अक्षरांपेक्षाही जास्त आत घ्या.

संगणकावर कसं करायचं

हे काम शक्यतो संगणकावर करा. मोबाइलच्या पडद्यावर ३ मिमी नीट दिसत नाहीत.

कॅनव्हा वापरत असाल तर नवीन डिझाइन फायनल मापाचंच घ्या, `148 × 210 mm`. मग File मध्ये Settings किंवा View settings मध्ये जाऊन Show print bleed सुरू करा. पानाच्या कडेला एक रेघ दिसेल. ती ट्रिमची. रेघेच्या बाहेरची अरुंद पट्टी ब्लीडची. पार्श्वभूमी, फोटो आणि हिरवी पट्टी ओढून त्या पट्टीच्या बाहेरच्या टोकापर्यंत न्या. शेवटी डाउनलोड करताना PDF Print निवडा आणि Crop marks and bleed वर खूण करा. ही खूण राहिली तर पडद्यावर केलेलं ब्लीड फाइलमध्ये येतच नाही.

ब्लीडची सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर पानच `154 × 216 mm` घ्या. कडेपासून ३ मिमी आत ट्रिमची आणि ८ मिमी आत सुरक्षित जागेची रेघ काढा. काम झाल्यावर त्या दोन्ही रेघा पुसायला विसरू नका, नाही तर त्याही छापल्या जातील.

दोन्ही रीती एकदम वापरू नका. पान १५४ × २१६ चं घेतलं आणि वर Show print bleed ही सुरू केलं, तर फाइल १६० × २२२ ची होते आणि क्रॉप मार्क १५४ × २१६ वर पडतात. प्रेसवाला खुणेवर कापेल आणि पत्रक सगळीकडून ३ मिमी मोठं येईल.

ब्लीड न ठेवता फाइल झालीच असेल तर

असं झालं की सोपा वाटणारा उपाय म्हणजे सगळं डिझाइन थोडं ताणून मोठं करणं. हे कधी करू नका. हिशेब बघा. रुंदी १४८ वरून १५४ करायची तर सगळं सुमारे ४ टक्के वाढवावं लागतं. पानाच्या मध्यापासून तळ १०५ मिमीवर आहे. फोन नंबरचा खालचा काठ तळापासून ४ मिमी वर, म्हणजे मध्यापासून १०१ मिमीवर असेल, तर ४ टक्के वाढून तो १०५ च्या पुढे जातो. काप मात्र १०५ वरच पडणार. आधी कडेजवळ का होईना, पूर्ण असलेला नंबर आता कापाच्या रेघेवर गेला.

म्हणून ताणायची ती फक्त पार्श्वभूमी आणि कडेला टेकणारे फोटो. अक्षरांना हात लावायचा नाही. डिझाइन करणारी मूळ फाइल उघडू शकत नसेल आणि तुमच्याकडे फक्त फोटोसारखं चित्र असेल, तर दुसरा मार्ग घ्या. सगळं डिझाइन थोडं लहान करून भोवती ५-६ मिमी पांढरी कड मुद्दाम सोडा. कडेला काही टेकतच नाही, म्हणजे ब्लीडची गरजच राहिली नाही. घाईच्या वेळी हा चांगला मार्ग आहे.

पाठवण्याआधी कात्रीने तपासा

गटाच्या ऑफिसात किंवा झेरॉक्सच्या दुकानात ए४ कागदावर फाइलची एक प्रत काढा. ए५ चं पत्रक क्रॉप मार्कसह ए४ वर आरामात बसतं. प्रिंट देताना Actual size निवडा. Fit असेल तर यंत्र फाइल लहान-मोठी करतं आणि मग पट्टीने मोजण्यात अर्थ उरत नाही. रंगीत प्रत नको, काळी-पांढरी चालेल.

आता पट्टीने मोजा. कोपऱ्यांतल्या बारीक खुणांमधलं अंतर आडवं १४८ आणि उभं २१० आलं पाहिजे. खुणांच्या रेघेबाहेर रंग सगळीकडून ३ मिमी पुढे गेलाय का बघा. मग खुणेच्या रेघेपासून ५ मिमी आत पेन्सिलने चौकोन आखा. त्या चौकोनाबाहेर एकही अक्षर दिसलं तर फाइल अजून तयार नाही.

शेवटी एका बाजूने मुद्दाम १ मिमी आत आणि समोरच्या बाजूने १ मिमी बाहेर कात्रीने कापून बघा. प्रेसमध्ये सरकणारा काप असाच असतो. पत्रक तरीही नीट दिसत असेल तर फाइल पाठवायला हरकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही. फोटो म्हणून पाठवली की फाइल दाबली जाते आणि मिलिमीटरची मापंही राहत नाहीत. सोबत असा निरोप लिहा:

"भाऊ, पत्रकाची पीडीएफ पाठवली आहे, दोन पानं, पाठपोट. फायनल माप १४८ × २१० मिमी. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड आहे, क्रॉप मार्क टाकले आहेत. फाइल लहान-मोठी न करता आहे त्या मापात घ्यावी. सगळा लॉट छापण्याआधी एक प्रत कापून दाखवावी."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नुसती छापलेली प्रत बघून कडेचं काही कळत नाही, कापलेली बघायला हवी. ऑफसेटवर प्लेट बनल्यावर बदल करायचा तर पुन्हा खर्च येतो, म्हणून तिथे प्लेटच्या आधी डिजिटलवर एक प्रत काढून मागा.

गठ्ठा आल्यावर दोष दिसला तर

भांडायच्या आधी पट्टी घ्या. गठ्ठ्याच्या वरून, मधून आणि खालून दोन-दोन पत्रकं काढून मोजा आणि हा निरोप समोर ठेवा.

पत्रकाचं माप बरोबर आहे, कडेला बारीक पांढरी रेघ आहे आणि फाइलमध्ये ब्लीड नव्हतं, तर दोष फाइलचा. फाइलमध्ये ३ मिमी ब्लीड असूनही पांढरी कड दिसली, तर काप ३ मिमीपेक्षा जास्त सरकला किंवा फाइल लहान करून छापली. दोन्ही प्रेसकडच्या चुका. नंबर कापला गेला आणि तो फाइलमध्ये ट्रिमपासून ५ मिमी आत होता, तरीही तेच. चौकट मिलिमीटरभर एकीकडे दिसली तर मात्र तेवढं चालवून घ्यायला हवं, कारण तेवढं सरकणं धरूनच आपण मापं ठेवली होती.

लिहिलेली मापं आणि कापून दाखवलेली प्रत हाताशी असेल तर पुन्हा छापून कुणी द्यायचं, हे आवाज न चढवता ठरतं. म्हणून तो निरोप आणि पीडीएफ गटाच्या फोनमध्ये जपून ठेवा, आणि मंजूर केलेल्या प्रतीवर तारीख टाकून ती बिलासोबत फाइलला लावा.